चार आण्यांचा कॉन्डोर, बारा आण्यांचा मसाला

तुमच्या कॉलेजच्या एखाद्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा स्क्रीनशॉट नक्की फिरला असेल. निफ्टीच्या चार ओळी, दोन लाल, दोन हिरव्या, आणि खाली ठळक हिरव्या अक्षरांत ‘+४५०’. सोबत एक ओळ : ‘आयर्न कॉन्डोर, लिमिटेड रिस्क, दोन दिवसांत साडेचारशे.’ त्याखाली दहा-बारा जणांचे आगीचे इमोजी.

स्क्रीनशॉट खोटा नसतो, स्ट्रॅटेजीही खोटी नाही. तरीही त्या साडेचारशेपैकी खात्यात प्रत्यक्ष किती उरले, हे त्या स्क्रीनवर दिसत नाही. बहुतेक अ‍ॅप्समध्ये ‘पोझिशन्स’च्या पानावरचा नफा हा खर्च वजा करण्याआधीचा असतो. खर्च रात्री ईमेलवर येणाऱ्या कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये असतो. आणि ती पीडीएफ पासवर्ड टाकून उघडायचा कंटाळा कोणाला येत नाही?

आज आपण ती पीडीएफ उघडूया. एकच ट्रेड घेऊ, त्याचा पैशापैशाचा हिशेब मांडू आणि बघू, की एक लॉट खेळणाऱ्या लहान खात्याला हा चार पायांचा पक्षी परवडतो का.

आधी पक्षी ओळखू

आयर्न कॉन्डोरमध्ये चार ऑप्शन्स असतात. प्रत्येकाला ‘लेग’ म्हणतात. निफ्टी फार हलणार नाही, असं तुमचं मत आहे. मग तुम्ही बाजाराच्या वरचा एक कॉल आणि खालचा एक पुट विकता आणि त्यांचा प्रीमियम खिशात घालता. पण निफ्टी भलतीकडे पळाला तर विकलेल्या ऑप्शनचा तोटा वाढतच जातो. म्हणून त्याहून लांबचा एक कॉल आणि एक पुट विकत घेऊन ठेवता. हे दोन लांबचे लेग म्हणजे पक्ष्याचे पंख, किंवा साध्या भाषेत विमा. तोटा किती होईल याला त्यांनी छत घातलं जातं.

आता उदाहरण. आकडे २०२५ मधले धरूया, तेव्हा निफ्टीचा लॉट ७५ चा होता. लॉट आणि कर बदलत असतात, त्यामुळे आकडे पाठ करू नका, मांडायची रीत लक्षात ठेवा.

सोमवारची सकाळ आहे, मंगळवारी एक्स्पायरी. निफ्टी २५,००० वर. तुम्ही २५,३०० चा कॉल १४ रुपयांना विकलात आणि २५,४०० चा कॉल ८ रुपयांना घेतलात. खालच्या बाजूला २४,७०० चा पुट १५ ला विकलात, २४,६०० चा ९ ला घेतलात. म्हणजे वरच्या जोडीतून ६ रुपये, खालच्या जोडीतून ६, एकूण १२ रुपये हातात. ऑप्शनवाल्यांच्या भाषेत १२ पॉइंटचं क्रेडिट. गुणिले ७५, म्हणजे ९०० रुपये.

निफ्टी दोन्ही विकलेल्या स्ट्राइकच्या मध्ये राहिला तर हे ९०० तुमचे. एखाद्या बाजूच्या पंखापलीकडे गेला तर १०० पॉइंटचं अंतर वजा मिळालेले १२, म्हणजे ८८ पॉइंटचा तोटा, ६,६०० रुपये. याहून जास्त नाही. इथवर सगळं स्क्रीनशॉटमध्ये सांगितल्यासारखंच आहे.

बरेच जण शेवटच्या क्षणापर्यंत थांबत नाहीत. अर्धा नफा झाला की बाहेर पडायचं, हा सर्रास पाळला जाणारा नियम. समजा, संध्याकाळपर्यंत बाजार शांत राहिला. विकलेला कॉल ७ वर आला, पुट ८ वर. ते परत घेतले, १५ रुपये गेले. पंख ४ आणि ५ ला विकले, ९ आले. बाहेर पडायला ६ पॉइंट लागले. आले होते १२, गेले ६, उरले ६. गुणिले ७५ केलं की तेच प्रसिद्ध ४५० रुपये.

आता पीडीएफ

डिस्काउंट ब्रोकर ऑप्शन्सच्या प्रत्येक पूर्ण झालेल्या ऑर्डरमागे ठरावीक रक्कम घेतात. २० रुपये हा सगळ्यात ओळखीचा दर. इथे पहिली गफलत होते. शेअरच्या इंट्राडे व्यवहारात अनेक ठिकाणी ‘०.०३ टक्के किंवा २० रुपये, यातलं जे कमी ते’ असा नियम असतो. तीन हजारांचा शेअर घेतला तर ब्रोकरेज रुपयाच्याही आत. त्यामुळे आपल्या डोक्यात बसलेलं असतं, की २० ही कमाल मर्यादा आहे, आपल्याला कुठे एवढं लागणार! ऑप्शन्समध्ये मात्र सहसा ‘जे कमी ते’ नसतं. २० म्हणजे २०. तुम्ही विकलेला प्रीमियम हजाराचा असो की लाखाचा.

दुसरी गफलत ऑर्डर मोजण्यात. बास्केटमध्ये चारही लेग टाकून तुम्ही एकदाच बटण दाबता, म्हणून ती एक ऑर्डर वाटते. ब्रोकरच्या लेखी त्या चार असतात. आत जाताना चार, बाहेर येताना चार, एकूण आठ. आठ गुणिले २०, म्हणजे १६० रुपये.

या १६० वर १८ टक्के जीएसटी. एक्स्चेंजच्या शुल्कावरचा जीएसटी धरून तो साधारण २९ रुपये होतो.

उरलेल्या ओळींनी घाबरायचं कारण नाही. विक्रीच्या प्रीमियमवर ०.१ टक्का एसटीटी, म्हणजे या ट्रेडमध्ये सगळे मिळून ३ रुपये. एनएसईचं व्यवहार शुल्क एक लाखाच्या प्रीमियममागे ३५ रुपये ३ पैसे, आपला सगळा प्रीमियम मिळून ५,२५० रुपयांचा, म्हणून दोन रुपयांहूनही कमी. स्टॅम्प ड्युटी आणि सेबीचं शुल्क तर पैशांत.

बेरीज करा : १९४ रुपये. त्यातले १८९ फक्त ब्रोकरेज आणि त्यावरचा जीएसटी. म्हणजे ज्या सरकारी करांच्या नावाने आपण बोटं मोडतो, ते इथे पाच रुपये आहेत. खरा खर्च त्या वीस-वीसच्या आठ नोटांचा.

४५० पैकी १९४ गेले. १०० रुपयांच्या नफ्यातले ४३. हातात उरले २५६.

न दिसणारी नववी ओळ

कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये आणखी एक खर्च असतो, पण त्याची ओळ नसते. ऑप्शनचा भाव एक नसतो, दोन असतात. घेणारा ज्या भावाला घ्यायला तयार आहे तो, आणि विकणारा ज्या भावाला द्यायला तयार आहे तो. स्क्रीनवर दिसणारा १४ हा शेवटच्या सौद्याचा भाव. तुम्ही लगेच विकायला गेलात तर कदाचित १३.९० मिळतील. घ्यायला गेलात तर ८ ऐवजी ८.१० द्यावे लागतील.

दहा पैसे ऐकायला काहीच नाहीत. पण आठ ऑर्डर, प्रत्येकी दहा पैसे, गुणिले ७५, म्हणजे ६० रुपये. निफ्टीसारख्या गजबजलेल्या बाजारातला हा सौम्य अंदाज आहे. गर्दी कमी असलेल्या स्ट्राइकवर किंवा बाजार अचानक उसळल्यावर हे अंतर दहा पैशांवर थांबत नाही.

१९४ अधिक ६०, झाले २५४. ४५० मधून वजा केले की उरतात १९६. आगीचे इमोजी मिळाले साडेचारशेला, खात्यात आले दोनशेच्या आत.

‘नफा तर झालाच ना?’

हा प्रश्न येणारच. थोडे का होईना, मिळाले ना? त्यासाठी दुसरी बाजू बघावी लागते, ज्या दिवशी ट्रेड फसतो ती.

समजा, तुमचा नियम असा, की मिळालेल्या क्रेडिटएवढा तोटा झाला की बाहेर पडायचं. म्हणजे १२ पॉइंट, ९०० रुपये. जिंकलो तर ४५०, हरलो तर ९००. कागदावर याचा अर्थ असा, की तीनपैकी दोन ट्रेड जिंकले तर तुम्ही ना नफा ना तोटा अशा जागी असता. दोनदा ४५०, एकदा ९००. तीनपैकी दोनपेक्षा जरा जास्त जिंकायला लागलात की कमाई सुरू. विकलेले स्ट्राइक बाजारापासून ३०० पॉइंट लांब आहेत, एक्स्पायरी उद्यावर आली आहे, त्यामुळे एवढं जिंकणं अगदीच अशक्य वाटत नाही.

आता खर्च घाला. खर्च जिंकतानाही लागतो आणि हरतानाही. जिंकल्यावर ४५० चे १९६ झाले. हरल्यावर ९०० चे ११५४ झाले. एक हार भरून काढायला आता किती विजय लागतील? ११५४ भागिले १९६, जवळजवळ सहा. म्हणजे सातपैकी सहा ट्रेड जिंकायचे, तेव्हा कुठे तुम्ही शून्यावर.

तीनपैकी दोन कुठे आणि सातपैकी सहा कुठे! तुमचा बाजाराचा अंदाज बदलला नाही, स्ट्राइक बदलले नाहीत, नशीबही तेच. फक्त आठ ऑर्डरचा खर्च मध्ये आला आणि पासिंगची रेषा ६७ टक्क्यांवरून ८५ टक्क्यांच्या पुढे सरकली. यूट्यूबवर ‘७५ टक्के विन रेट’ असं ऐकलं की भारी वाटतं. या ट्रेडला या आकाराच्या खात्यात ७५ टक्के म्हणजे नापास.

टोलनाक्यावरची गाडी

मग कॉन्डोर ही स्ट्रॅटेजीच बोगस आहे का? नाही. तोच ट्रेड, तेच भाव, त्याच मिनिटाला दहा लॉट करणाऱ्या माणसाचा हिशेब बघा.

त्याचा नफा ४,५०० रुपये. त्याच्याही ऑर्डर आठच. कारण ब्रोकरेज ऑर्डरमागे आहे, लॉटमागे नाही. निफ्टीच्या एका ऑर्डरमध्ये तेव्हा १,८०० पर्यंत संख्या बसायची, म्हणजे ७५ चे २४ लॉट. तेव्हा त्याचंही ब्रोकरेज १६० च. कर आणि एक्स्चेंजचं शुल्क मात्र दहापट, कारण ते टक्क्यांत असतात. सगळं मिळून त्याचा खर्च सुमारे २४० रुपये. एका लॉटमागे २४.

तुमचा एका लॉटमागे १९४, त्याचा २४. टोलनाक्यावर गाडी मोजतात, आतली माणसं मोजत नाहीत. पाच जण बसले तर टोल पाचांत वाटला जातो, एकटा बसलेला पूर्ण भरतो. एक लॉटवाला हा त्या गाडीत एकटाच बसलेला असतो.

म्हणूनच मोठ्या खात्यावर काम करणाऱ्याचा व्हिडिओ बघून तोच सेटअप जसाच्या तसा उचलणं धोक्याचं आहे. त्याने दाखवलेलं खरं असू शकतं. पण त्याला दर ट्रेडमध्ये पाच टक्के खर्च लागतो आणि तुम्हाला त्रेचाळीस. एकच पेपर, पण पासिंगचे मार्क वेगळे.

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये वैयक्तिक ट्रेडर्सवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातले दोन आकडे इथे जोडून वाचा. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या १०० पैकी ९३ जणांचा तोटा झाला. आणि याच काळात वैयक्तिक ट्रेडर्सनी व्यवहारखर्चावर सुमारे ५० हजार कोटी रुपये घालवले, त्यातले ५१ टक्के निव्वळ ब्रोकरेज. त्याच अहवालानुसार २०२३-२४ मध्ये या ट्रेडर्सपैकी ४३ टक्के जण तिशीच्या आतले होते. म्हणजे आपणच.

आपल्या उदाहरणापुरतं बोलायचं तर दर आठवड्याला असा एक कॉन्डोर केला तर वर्षाचे ५२ ट्रेड, प्रत्येकी १९४, म्हणजे सुमारे दहा हजार रुपये. खातं एक लाखाचं असेल तर नफा-तोट्याचा विषय निघण्याआधीच दहा टक्के बाजूला काढून ठेवायचे. बँकेतली एफडी एवढं व्याज देत नाही.

मग एक्स्पायरीपर्यंत थांबलं तर?

हिशेब समजला की पहिली युक्ती हीच सुचते. बाहेर पडायला चार ऑर्डर लागतात ना? मग पडायचंच नाही. ऑप्शन शून्य होऊन मरू द्यायचे. मग ब्रोकरेज फक्त आत जाताना, ८० रुपये, आणि करबिर धरून साधारण ९८. नफा पूर्ण ९००. खर्च ११ टक्क्यांवर आला!

हे गणित बरोबर आहे, पण त्यात एक गोष्ट मोजलेली नाही. ९६ रुपयांच्या या बचतीसाठी तुम्ही सगळ्यात धोक्याचा दिवस पोझिशनमध्ये काढता. एक्स्पायरीच्या दिवशी निफ्टी विकलेल्या स्ट्राइकजवळ असेल तर ऑप्शनचा भाव मिनिटामिनिटाला दुप्पट-तिप्पट होतो. सकाळी ३ रुपयांचा कॉल दुपारी ४० चा होऊ शकतो. क्रेडिटएवढ्या तोट्यावर बाहेर पडू, असं ठरवलेलं असतं, पण तो आकडा ओलांडून भाव कधीच पुढे गेलेला असतो.

शिवाय नोव्हेंबर २०२४ पासून एक्स्पायरीच्या दिवशी विकलेल्या इंडेक्स ऑप्शन्सवर कराराच्या किमतीच्या दोन टक्के जादा मार्जिन लागतं. निफ्टी २५,००० वर आणि लॉट ७५ चा, म्हणजे करार पावणेएकोणीस लाखांचा. त्याचे दोन टक्के साडेसदतीस हजार. लाखाच्या खात्यात बहुतेक रक्कम आधीच कॉन्डोरने अडवलेली असते. एवढी जागा उरली नाही तर मार्जिन कमी पडतं आणि ब्रोकर स्वतः पोझिशन कापू शकतो. काही ब्रोकर असं कापल्याचं ऑर्डरमागे वेगळं शुल्क लावतात. वाचवायला गेलो ८०, आणि बिल आलं त्याहून मोठं.

इकडे आड, तिकडे विहीर

दुसरी युक्ती जास्त शहाणपणाची : प्रीमियम मोठा घ्यायचा, म्हणजे २० रुपये किरकोळ वाटतील.

बघूया. महिन्याच्या एक्स्पायरीला अजून २५ दिवस आहेत. समजा २५,८०० चा कॉल आणि २४,२०० चा पुट विकला, पंख ४०० पॉइंट पलीकडे घेतले आणि एकूण ८० पॉइंटचं क्रेडिट मिळालं. म्हणजे ६,००० रुपये. अर्ध्या नफ्यावर बाहेर पडलो तर ३,०००. ब्रोकरेज तेवढंच. थोडा जास्त कर धरून खर्च २०८ च्या आसपास. लांबच्या एक्स्पायरीत खरेदी-विक्रीच्या भावातलं अंतर मोठं असतं, म्हणून लेगमागे २५ पैसे धरू, ते १५० रुपये. एकूण साधारण ३६०. तीन हजारांवर १२ टक्के. ५६ वरून थेट १२!

आता उलट बाजू. पंख ४०० पॉइंट लांब, त्यामुळे कमाल तोटा ३२० पॉइंट, म्हणजे २४,००० रुपये. एक लाखाच्या खात्याचा चौथा हिस्सा, एका ट्रेडमध्ये. आधीच्या छोट्या कॉन्डोरमध्ये हा आकडा ६,६०० होता.

लहान खात्याची खरी कोंडी इथे आहे. पंख जवळ ठेवले तर जोखीम आवाक्यात राहते, पण प्रीमियम इतका चिमुकला होतो, की वीस-वीस रुपयेच तो खाऊन टाकतात. पंख लांब नेले तर खर्च आवाक्यात येतो, पण एक वाईट आठवडा पाव खातं घेऊन जातो. मोठ्या खात्याला हा पेच पडत नाही. तो जवळचे पंख ठेवतो आणि लॉट वाढवतो. एक लॉटवाल्याकडे वाढवायला दुसरा लॉटच नसतो.

मग चार लेगऐवजी दोनच घेतले तर? फक्त वरची किंवा फक्त खालची जोडी? ऑर्डर आठवरून चारवर येतात, खर्च निम्मा. पण थांबा, क्रेडिटही निम्मंच होतं. १२ चे ६. खर्चाचं प्रमाण जिथल्या तिथे. दोन लेगचा फायदा तेव्हाच, जेव्हा उरलेली जोडी बाजाराच्या जवळ आणून तिच्यातून जास्त प्रीमियम घेता. आणि जवळ आणली की हरण्याची शक्यताही वाढते. बाजारात फुकट काही नाही, ते असं.

कुठे पैसा वाचतो, कुठे नाही

खर्च खरोखर कमी करणाऱ्या जागा दोन-तीनच आहेत.

पहिली म्हणजे पंखांची विल्हेवाट. विकलेले दोन्ही लेग परत घेऊन झाले, की पंखांनी आपलं काम केलेलं असतं. आता ते विकायचे का? एक ऑर्डर जीएसटी धरून २३ रुपये ६० पैशांना पडते. भागिले ७५, म्हणजे साडेएकतीस पैसे. पंखाचा भाव ३० पैसे असेल तर तो विकून २२ रुपये ५० पैसे येतील आणि विकायला २३.६० जातील. अशा वेळी तो तसाच मरू द्या. क्रम मात्र उलटा करू नका. पंख आधी विकले तर उरलेले लेग उघडे पडतात, मार्जिन एकदम उसळतं आणि तोट्यावरचं छतही जातं. आधी विकलेले बंद, मग पंखांचा विचार.

दुसरी म्हणजे ‘अ‍ॅडजस्टमेंट’चा मोह. निफ्टी वर सरकला की खालची जोडी वर ओढायची, हा व्हिडिओंतला आवडता सल्ला. एक जोडी हलवायची म्हणजे दोन ऑर्डर बंद करायला, दोन नव्या घालायला. चार ऑर्डर, ९४ रुपये. नव्या जोडीतून जादा प्रीमियम किती मिळतो? तीन पॉइंट, म्हणजे २२५ रुपये. त्यातले ९४ लगेच गेले. असं दोनदा केलंत तर ट्रेड ब्रोकरसाठीच चालवला म्हणायचा.

तिसरी म्हणजे ब्रोकरचा दर. काही ठिकाणी ऑर्डरमागे कमी रक्कम किंवा महिन्याची ठरावीक फी असते. आपल्या उदाहरणात ब्रोकरेज शून्य झालं तर १९४ चा खर्च पाच रुपयांवर येईल. फरक मोठा आहे. पण महिन्याची फी असेल तर ती महिन्यातल्या ट्रेड्सवर वाटून बघा. आणि दहा-दहा पैशांचं ते अंतर, ती नववी ओळ, कोणताही ब्रोकर माफ करू शकत नाही.

चौकट : ट्रेडआधीचं दोन मिनिटांचं गणित

१. ऑर्डर मोजा. चार लेग आत-बाहेर म्हणजे आठ. गुणिले ब्रोकरेज, गुणिले १.१८.

२. त्याला लॉटच्या संख्येने भागा. आठ गुणिले २० गुणिले १.१८ म्हणजे १८८.८० रुपये, भागिले ७५, म्हणजे अडीच पॉइंट. २०२४ मध्ये काही महिने निफ्टीचा लॉट २५ चा होता. तेव्हा हाच आकडा साडेसात पॉइंट यायचा. लॉट बदलला की हे गणित नव्याने करा.

३. खरेदी-विक्रीच्या भावातल्या अंतरासाठी लेगमागे दहा पैसे धरून आठ लेगचे ०.८ पॉइंट मिळवा. झाले ३.३.

४. आता हा आकडा पूर्ण क्रेडिटशी नको, ज्या नफ्यावर बाहेर पडणार आहात त्याच्याशी ताडून बघा. सहा पॉइंटचं लक्ष्य आणि ३.३ चा खर्च, तर ट्रेडचा अर्ध्याहून जास्त भाग आधीच विकला गेला आहे.

५. शेवटी जिंकण्याची रक्कम खर्च वजा करून आणि हरण्याची रक्कम खर्च मिळवून लिहा. दुसरीला पहिलीने भागा. एक हार भरून काढायला किती विजय लागतील, ते तिथे दिसेल.

हे पाच टप्पे मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतात. पुढच्या वेळी ग्रुपवर ‘+४५०’चा स्क्रीनशॉट आला तर इमोजी टाकण्याआधी एकच विचारा : किती लॉट आणि किती ऑर्डर? उत्तर ‘एक आणि आठ’ असेल, तर त्या दिवशी खात्रीने कमाई कोणाची झाली, हे तुम्हाला कॉन्ट्रॅक्ट नोट न उघडताही सांगता येईल.